निर्लेखित : जालन्यातील एका ८०८५ किटची साक्ष

१/
आजच्या धाग्यातील वस्तू कोणत्याही संग्रहालयात नाही. कुंडलिकेच्या काठच्या जुन्या जालन्यात, माझ्या सरांच्या घराच्या माळ्यावर ती जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. ८०८५ या आठ-बिट मायक्रोप्रोसेसरचे ते एक ट्रेनर किट. तिच्याविषयी एक लेखी नोंद उपलब्ध आहे आणि ती नोंद चुकीची आहे. ते कसे कळले, हे सांगण्यासाठी हा धागा.

२/
सर मराठवाड्यातील एका तंत्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. निवृत्त होऊन त्यांना एक तप उलटून गेले आहे. मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. शाळेत असताना त्यांच्याकडे गणिताला जात असे. दिवाळीच्या सुट्टीत फराळाला गेले, तेव्हा काकू म्हणाल्या, "माळ्यावरचं ते धूड एकदाचं खाली काढा. नाहीतर मी भंगारवाल्याला देते." सर काहीच बोलले नाहीत. मीच स्टुलावर चढले.

३/
जालन्यात भंगार हा शब्द सहज उच्चारला जात नाही. येथील पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांना भंगारच लागते; जुने लोखंड येथे फार काळ जुने राहत नाही, त्याची सळई होते. हे किटही त्याच वाटेने निघाले होते. १९९८ साली संस्थेने ते निर्लेखित केले आणि लिलावात काढले. सरांनी ते वजनाच्या भावाने विकत घेतले. कशासाठी, हे तेव्हा त्यांनी घरी सांगितले नव्हते.

४/
पेटीत किटसोबत एक कागद होता : डेडस्टॉक रजिस्टरमधील नोंदीची सरांनी स्वतःच्या हाताने केलेली नक्कल. तीत लिहिले होते, "विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकाच्या वेळी जोडणी चुकवल्याने प्रोसेसर जळाला. दुरुस्ती अशक्य. अनामत रक्कम जप्त." खाली विषयशिक्षक म्हणून सरांचीच सही. इतिहासाच्या अभ्यासात आपण अशा कागदाला समकालीन, अधिकृत आणि प्रत्यक्षदर्शीने लिहिलेला पुरावा म्हणतो. तो आपण सहसा खरा धरून चालतो.

५/
आता थोडी पार्श्वभूमी. इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर १९७४ साली आला. त्याला चालण्यासाठी तीन वेगवेगळे विद्युतदाब द्यावे लागत : +५, −५ आणि +१२ व्होल्ट. १९७६ च्या ८०८५ ला एकटे ५ व्होल्ट पुरत. नावातील शेवटचा ५ हा त्याचीच खूण आहे. आठ-बिट म्हणजे तो एका वेळी ० ते २५५ एवढीच संख्या हातात धरू शकतो. मात्र पत्ते सांगणाऱ्या तारा सोळा असल्याने स्मृतीतील ६५,५३६ घरांपर्यंत त्याचा हात पोहोचतो.

६/
संगणक परवडत नव्हता त्या काळात हा प्रोसेसर शिकवण्यासाठी ट्रेनर किट वापरत. एका पाटीवर प्रोसेसर, थोडी स्मृती, कॅल्क्युलेटरसारख्या कळा आणि सात रेघांचे सहा लाल अंक; चार पत्त्यासाठी, दोन त्या पत्त्यातील मजकुरासाठी. इंटेलने स्वतः एसडीके-८५ नावाचे असे किट काढले होते आणि भारतातील किट साधारण त्याच घाटणीची होती. सोबतीला रमेश गावकर यांचे ८०८५ वरील जाडजूड पुस्तक. गावकर अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ऑनोन्डागा कम्युनिटी कॉलेजात शिकवत, पण त्यांच्या पुस्तकावर भारतातील अनेक पिढ्या वाढल्या.

७/
मी लगेच बटण दाबायला निघाले, तर सरांनी हात धरला. "थांब. पंचवीस वर्षं झोपलेल्याला असं दचकवून उठवतात का?" आधी कोरड्या ब्रशने धूळ काढली. मग वीजपुरवठ्याचा भाग किटपासून सोडवून त्याला एक छोटा दिवा जोडला आणि अर्धा तास चालू ठेवून मोजला. जुने कपॅसिटर सुकलेले असतील, तर दाब खाली-वर होतो आणि त्यात धडधाकट चिपाही जातात. आमचा दाब ५.१ व्होल्टवर स्थिर राहिला. तरीही सरांनी किट जोडू दिले नाही.

८/
कारण होते ईप्रॉम. किट सुरू होताच काय करायचे, कळ दाबली की कोणता अंक उजळायचा, हे सारे सांगणारा मॉनिटर प्रोग्रॅम या चिपेत असतो. डोव्ह फ्रोमान यांनी १९७१ साली इंटेलमध्ये शोधलेल्या या प्रकारच्या स्मृतीला वर काचेची खिडकी असते. मजकूर म्हणजे आत कोंडलेला सूक्ष्म विद्युतभार, आणि खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की तो पुसला जातो. निर्मात्यांच्या माहितीपत्रकांनुसार थेट उन्हात सुमारे एक आठवडा आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षे त्याला पुरतात. म्हणून खिडकीवर कागद चिकटवतात. आमच्या चिपेवरचा कागद गळून पडला होता. मजकूर शिल्लक असलाच, तर तो चादरीमुळे आणि माळ्यावरच्या अंधारामुळे.

९/
प्लास्टिकची पातळ पट्टी दोन्ही टोकांखाली आळीपाळीने सरकवून मी चिप अलगद उचलली आणि टीव्ही-दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या दुकानातून आणलेल्या प्रोग्रॅमरवर तिची नक्कल घेतली. ८,१९२ घरे. पुसलेल्या घरात FF दिसते. आमच्या चिपेत मजकूर होता. तीन वेळा वाचला, तिन्ही नकला तंतोतंत जुळल्या. अगदी पहिल्या घरात, ०००० या पत्त्यावर, C3 होते. C3 म्हणजे "पुढे दिलेल्या पत्त्यावर उडी मार". हा C3 लक्षात ठेवा.

१०/
चिप परत बसवली, खिडकीवर काळी पट्टी चिकटवली आणि मग किटला वीज दिली. अंक उजळले नाहीत. रजिस्टरमधील नोंद खरी ठरते आहे, असे वाटले. पण सरांनी लॉजिक प्रोब घेऊन प्रोसेसरच्या पिना तपासायला सांगितले. ४० क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट होते. ३७ वर घड्याळाचे स्पंदन होते. जळालेला प्रोसेसर असे स्पंदन सहसा देत नाही. आणि ३१ वर, जेथे प्रोसेसर "मी स्मृतीत लिहीत आहे" अशी खूण देतो, तेथे प्रोबचा दिवा अखंड लुकलुकत होता.

११/
हे विचित्र होते. मॉनिटर प्रोग्रॅम कळ दाबली जाण्याची वाट पाहत असतो. त्या वेळी त्याला सतत लिहीत राहण्याचे कारण नाही. सर पुटपुटले, "मेलेला माणूस लिहीत बसत नाही." मग त्यांनी एकेका चिपेवर बोट दाबून मला दर वेळी रीसेटची कळ दाबायला सांगितली. ईप्रॉमच्या एका कोपऱ्यावर त्यांचे बोट आले आणि मी कळ दाबली, तेव्हा सहाही अंक लाल झाले. बोट उचलून रीसेट केले की पुन्हा अंधार.

१२/
सरांनी बोट तसेच दाबून धरले आणि म्हणाले, "आता बंद करू नकोस. आधी त्याने काय लिहून ठेवलंय ते वाच." वीज गेली की तात्पुरती स्मृती पुसली जाते, रीसेटने मात्र जात नाही. मी २००० या पत्त्यापासून एकेक घर उघडत गेले.

```
2000  01
2001  00
2002  01
2003  00
2004  01
2005  00
```

पुढे शंभर घरे पाहिली. सर्वत्र हेच. वीज दिल्यावर स्मृतीत आपोआप पडणारा कचरा इतका शिस्तीचा नसतो. हे कोणीतरी लिहिले होते.

१३/
सरांनी वहीत C3 हा आकडा बिटांत मांडला : 11000011. "कोपऱ्यातली एखादी पिन टेकत नसेल, तर तो बिट मोकळा लोंबकळणार. अशी मोकळी तार बऱ्याचदा १ म्हणून वाचली जाते. बघ, कोणता शून्य एक झाला की हे घडेल?" मी एकेक करून पाहिले. उजवीकडून तिसरा बिट १ केला की 11000111 होते, म्हणजे C7. आणि ८०८५ च्या भाषेत C7 म्हणजे RST 0 : परत येण्याचा पत्ता स्मृतीत नोंदव आणि ०००० वर जा.

१४/
क्षणभर विचार करा. प्रोसेसर ०००० वर जागा होतो. तेथे त्याला C3 ऐवजी C7 दिसतो. तो परतीचा पत्ता ०००१ म्हणून 00 आणि 01 ही दोन घरे लिहितो आणि ०००० वर जातो. तेथे पुन्हा C7. पुन्हा पत्ता लिहितो, पुन्हा ०००० वर. आमच्या किटवरील ६.१४४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाने अशी एक फेरी सुमारे ३.९ मायक्रोसेकंदांत होते. म्हणजे एका सेकंदाच्या साधारण आठव्या हिश्श्यात त्याने पत्त्यांच्या साऱ्या ६५,५३६ घरांवर परतीची वाट नोंदवली होती, आणि तरीही तो नोंदवतच होता. ३१ व्या पिनेवरची ती अखंड लुकलुक हीच.

१५/
तो तिसरा बिट २७६४ जातीच्या ईप्रॉममध्ये १३ क्रमांकाच्या पिनेवर येतो. वीज बंद करून मल्टिमीटरचे एक टोक चिपेच्या पायाला आणि दुसरे पाटीमागच्या सोल्डरला लावले. इतर सर्व पिनांवर मीटर वाजला, १३ वर वाजला नाही. कोपरा दाबला की वाजे. चिप काढून भिंग धरले, तेव्हा सॉकेटच्या त्या टोकाला केसाएवढी भेग दिसली. प्लास्टिक फाकल्याने १३ व्या पिनेला पकडणारी पितळी पाकळी मागे सरली होती. भेगेत धूळ घट्ट भरलेली होती. म्हणजे भेग आजची नव्हे. आणि सॉकेटच्या टोकाशी पाटीच्या हिरव्या लेपावर एक आडवा ओरखडा होता, आतले तांबे काळे पडलेले.

१६/
सर बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, "हा माझा स्क्रूड्रायव्हर." १९९८ च्या त्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी, दुसऱ्या किटसाठी मॉनिटरची नक्कल काढायची म्हणून त्यांनी ही चिप स्क्रूड्रायव्हरने एकाच बाजूने उचकटली होती. परत बसवल्यावर किट चालले, म्हणून ते विसरून गेले. दुपारी एका मुलाने मोटारीचे कार्ड जोडताना केबल जोर लावून दाबली. पाटी थोडी वाकली असावी. अंक विझले. हाताशी दुसरा प्रोसेसर नव्हता, म्हणून कोणी बदलून पाहिला नाही. जोडणी त्याने केली होती, किट त्याच्या हाती बंद पडले होते. रजिस्टरमध्ये त्याचे नाव गेले.

१७/
येथे पुराव्याची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पाकळी नेमकी कोणत्या क्षणी सुटली, हे आज सिद्ध करता येणार नाही. पण "प्रोसेसर जळाला" हे विधान निश्चितपणे खोटे ठरते, कारण तोच प्रोसेसर आमच्यासमोर चालला. आणि भेग, धूळ व ओरखडा यांचा क्रम मुलाच्या केबलकडे नव्हे, तर सरांच्या हाताकडे जातो. नोंद लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. त्याने न तपासता लिहिले होते, आणि सहीमुळे ते तपासल्यासारखे दिसत होते.

१८/
दुरुस्ती माझ्या हातून झाली, कारण सरांचे हात आता थरथरतात. अठ्ठावीस पायांचे सॉकेट अख्खे उपटायला गेले, तर पाटीतील छिद्रांचे तांब्याचे अस्तर सोबत निघून येते. म्हणून आधी कटरने सॉकेटचे प्लास्टिक तुकड्या-तुकड्याने तोडले. मग उघड्या उभ्या राहिलेल्या पाकळ्यांना नवे सोल्डर लावून, जुने वितळले की एकेक चिमट्याने उचलली. छिद्रे सक्शन पंपाने मोकळी केली. नवे सॉकेट गोल, खरादलेल्या पिनांचे घेतले. त्यातील पकड चारही बाजूंनी असते. खाच योग्य दिशेला ठेवून आधी समोरासमोरचे दोन कोपरे सोल्डर केले, सॉकेट सपाट बसले हे पाहिले, मग उरलेल्या सव्वीस पिना. दुपारचे चार तास गेले.

१९/
कोणाचे बोट न लागता अंक उजळले. सरांनी पहिला प्रोग्रॅम तोंडी सांगितला, मी कळांवर भरला :

```
2000  3E C8      MVI A,C8
2002  C6 64      ADI 64
2004  32 50 20   STA 2050
2007  76         HLT
```

C8 म्हणजे २००, 64 म्हणजे १००. चालवून, रीसेट करून २०५० हे घर उघडले, तर तेथे 2C दिसले, म्हणजे ४४. मी गोंधळले. सर हसले. "तीनशे त्याच्या हातात मावत नाहीत. दोनशे छप्पन्न सांडले, चव्वेचाळीस उरले. जे सांडलं त्याची खूण तो वेगळ्या बिटात ठेवतो. ती बघायला विसरलं की उत्तर चुकतं, आणि चूक यंत्राची वाटते."

२०/
जाता जाता एक तारीख. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानातून सोजर्नर ही छोटी गाडी बाहेर पडली. तिचा मेंदू ८०सी८५ होता, याच प्रोसेसरची कमी वीज खाणारी आवृत्ती, २ मेगाहर्ट्झने चालणारी. पुढच्याच वर्षी आमचे किट निर्लेखित झाले.

२१/
त्या संध्याकाळी सरांनी दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांकडून एक क्रमांक मिळवला. तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे. परतूरला त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. सरांनी फोनवर प्रस्तावना केली नाही. "अरे, ते किट तुझ्यामुळे बिघडलं नव्हतं. माझ्यामुळे. आज तपासलं," एवढेच म्हणाले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "सर, अनामतीचं काही नाही हो. पण त्या दिवशी माझे वडील कॉलेजात आले होते. त्यांना बाहेर उभं राहावं लागलं. ते आता नाहीत." सर म्हणाले, "हो. मला आठवतं."

२२/
पुढच्या रविवारी तो आला. सोबत त्याची मुलगी होती. त्याने २००० पासून स्वतःच एक प्रोग्रॅम भरला. कळा अजून बोटांत होत्या. मुलीने विचारले, "बाबा, हेच ते?" तो "हो" म्हणाला आणि कळा दाबत राहिला. काकूंनी चहा ठेवला. माळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

२३/
तुमच्या संस्थेत, नातेवाइकांकडे असे किट धूळ खात असेल, तर तीन गोष्टी करा. ईप्रॉमच्या खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावा. वीज देण्याआधी तिची नक्कल घ्या. आणि चिप उचलताना दोन्ही टोकांनी आळीपाळीने उचला. सॉकेट नवे मिळते, पुसलेला मॉनिटर बहुधा मिळत नाही.

२४/
जुन्या नोंदीची ती नक्कल सरांनी फाडली नाही. ती किटच्या झाकणाला आतून चिकटवली आणि तिच्याखाली नवी ओळ लिहिली : "वरील नोंद चुकीची. प्रोसेसर सुस्थितीत. ईप्रॉमच्या सॉकेटची १३ वी पिन सुटली होती. कारण विषयशिक्षकाची हाताळणी. विद्यार्थ्याचा दोष नाही." खाली तारीख आणि तीच सही, थोडी थरथरलेली. धागा समाप्त.